विश्लेषण : प्रबंध तयार, पण मांडणीचे नियम कुठे आहेत?

पाच वर्षांचे संशोधन पूर्ण झाले, संशोधन सल्लागार समितीपुढे सादरीकरण झाले, आता प्रबंध छापून दाखल करायचा. याच टप्प्यावर अनेक पीएच.डी. विद्यार्थ्यांना कळते की समास किती सोडायचा, दोन ओळींत अंतर किती, प्रमाणपत्राचा मजकूर कोणता, हे सांगणारा कागद त्यांना कधी मिळालेलाच नाही. मार्गदर्शक म्हणतात, ‘मागच्यांचे बघून करा.’ कार्यालय म्हणते, ‘संकेतस्थळावर आहे.’ संकेतस्थळावरची लिंक उघडत नाही. अशा वेळी प्रबंध कोणत्या नियमाने मांडायचा?

नियम ठरवते कोण?

विद्यापीठ अनुदान आयोगाने ७ नोव्हेंबर २०२२ रोजी पीएच.डी.साठीचे किमान निकष नव्याने अधिसूचित केले. त्यात प्रवेश, अभ्यासक्रम, मार्गदर्शकाकडील जागा, किमान दोन बहिर्गत परीक्षक, मौखिक परीक्षा असे सगळे आहे. मात्र प्रबंधाच्या पानाला समास किती आणि टंक कोणता, याविषयी त्यात काहीही नाही. तो विषय प्रत्येक विद्यापीठाचा. त्यामुळे ‘यूजीसीच्या नियमानुसार दीड इंच समास’ असे झेरॉक्सच्या दुकानात कुणी सांगितले, तर तो दुकानाचा नियम असतो.

विद्यापीठाचे नियम असतात, पण ते बहुधा ‘प्रबंध मांडणी’ या नावाखाली नसतात. पीएच.डी.च्या अध्यादेशाच्या शेवटी जोडलेले परिशिष्ट, एखादे जुने परिपत्रक, प्रबंध दाखल करताना भरायच्या अर्जामागची तपासणी सूची, ग्रंथालयाचे ई-प्रत स्वीकारण्याचे पत्रक, अशा चार ठिकाणी ते विखुरलेले असतात. म्हणून कार्यालयात ‘मांडणीचे नियम द्या’ असे विचारले की ‘असे काही नाही’ हे उत्तर प्रामाणिकपणेही मिळू शकते. ‘प्रबंध दाखल करण्याचा अर्ज आणि त्यासोबतची कागदपत्रांची यादी द्या’ असे मागितले, तर निम्मे नियम त्यातच सापडतात. हा अर्ज बहुधा परीक्षा विभागातल्या प्रबंध कक्षात असतो, पीएच.डी. प्रवेशाचे काम पाहणाऱ्या टेबलावर नसतो.

जुने प्रबंध पाहून नियम कळतात का?

कळतात, पण नीट पाहिले तर. देशभरातील विद्यापीठांचे प्रबंध ‘शोधगंगा’ या इन्फ्लिबनेट केंद्राच्या भांडारात खुले असतात. प्रत्येक प्रबंध प्रकरणांनुसार तुकड्यातुकड्यांत ठेवलेला असतो. `01_title.pdf` सारख्या फाइलमध्ये मुखपृष्ठ, पुढच्या फायलींत प्रमाणपत्रे आणि प्रतिज्ञापत्र, मग प्रकरणे.

समजा, एका जिल्ह्याच्या ठिकाणच्या महाविद्यालयातील संशोधन केंद्रात इतिहास विषयाची विद्यार्थिनी आहे. प्रबंध मराठीत, सुमारे २४० पानांचा. तिने आपल्याच मार्गदर्शकांच्या आधीच्या विद्यार्थ्याचा प्रबंध समोर ठेवून तसाच केला, तर तिच्या हाती विद्यापीठाचा नियम लागणार नाही. त्या मार्गदर्शकांची आवड लागेल. तिने एकाच विद्यापीठाचे, पण वेगवेगळ्या मार्गदर्शकांचे, वेगवेगळ्या केंद्रांचे आणि शक्यतो दोन-तीन वर्षांतले चार प्रबंध घ्यायला हवेत. चारही ठिकाणी जे एकसारखे आहे तो बहुधा नियम. जिथे चौघे चार वाटांनी गेले आणि तरी चौघांनाही पदवी मिळाली, तिथे नियम नाही किंवा तो कुणी पाहत नाही.

यात एक खोच आहे. चारही प्रबंध विद्यापीठाच्या फाटकासमोरच्या एकाच डीटीपीवाल्याने केले असतील, तर त्यांच्यातले साम्य त्याच्या संगणकातल्या जुन्या फाइलमुळे आलेले असते. म्हणून एखादा तरी प्रबंध दुसऱ्या जिल्ह्यातल्या केंद्राचा घ्यावा. सर्वात भरवशाचा पुरावा प्रमाणपत्राच्या मजकुरात मिळतो. इतिहास, रसायनशास्त्र आणि वाणिज्य अशा तीन विषयांच्या प्रबंधांत मार्गदर्शकाच्या प्रमाणपत्राची वाक्ये शब्दशः तीच असतील, तर तो नमुना वरून आलेला आहे आणि त्यातला स्वल्पविरामही बदलू नये.

‘मागच्यांचे बघून’ करण्यात धोका कोणता?

काळाचा. मुखपृष्ठावर विद्याशाखेचे नाव लिहावे लागते. महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ कायदा, २०१६ मार्च २०१७ पासून लागू झाला आणि पूर्वीच्या अनेक विद्याशाखा जाऊन चार उरल्या : विज्ञान व तंत्रज्ञान, वाणिज्य व व्यवस्थापन, मानव्यविद्या आणि आंतरविद्याशाखीय. २०१५ चा प्रबंध पाहून कुणी ‘सामाजिक शास्त्रे विद्याशाखा’ असे छापले, तर ती शाखा आता कागदावर नाही. विद्यापीठांची नावेही बदलली आहेत. पुणे विद्यापीठ २०१४ मध्ये सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ झाले. जळगाव आणि सोलापूरच्या विद्यापीठांचे नामविस्तार त्यानंतरचे. जिल्ह्यांचेही तसेच. पत्त्यात औरंगाबाद की छत्रपती संभाजीनगर, हे जुना प्रबंध सांगणार नाही.

आणखी एक गोष्ट जोडपत्रांची. २०१६ च्या निकषांनुसार प्रबंध दाखल करण्याआधी एक शोधनिबंध प्रसिद्ध करणे आणि परिषदांत दोन निबंध सादर करणे बंधनकारक होते. त्यामुळे त्या काळातल्या प्रबंधांत शेवटी निबंधांच्या आणि परिषदेच्या प्रमाणपत्रांच्या प्रती दिसतात. २०२२ च्या निकषांत ही अट उरली नाही. पण त्याच निकषांनी जुन्या नोंदणीच्या विद्यार्थ्यांना २००९ किंवा २०१६ च्या नियमांखालीच ठेवले आहे. म्हणजे २०२५ मध्ये प्रबंध देणाऱ्या दोघांपैकी एकाला ती जोडपत्रे लागतील, दुसऱ्याला कदाचित लागणार नाहीत. विद्यापीठाने स्वतःची अट कायम ठेवली असेल तर दोघांनाही लागतील. नमुना निवडताना प्रबंधाचे वर्ष पाहणे पुरेसे नाही, लेखकाच्या नोंदणीचे वर्ष पाहावे. ते बहुधा प्रतिज्ञापत्रात किंवा प्रमाणपत्रात असते.

समास आणि ओळींतील अंतर मोजायचे कसे?

आधी पाहावे की पीडीएफ थेट संगणकातून काढलेली आहे की छापील प्रत स्कॅन केलेली. वाचण्याच्या सॉफ्टवेअरमध्ये `Ctrl+D` दाबले की कागदाचा आकार दिसतो आणि `Fonts` या भागात वापरलेल्या टंकांची यादी येते. ही यादी रिकामी असेल, तर पाने स्कॅन केलेली आहेत. बांधलेला प्रबंध स्कॅन करताना शिवणीकडची बाजू दबते आणि कडा कापल्या जातात, म्हणून अशा प्रतीवरून समास मोजण्यात अर्थ नाही. कागदाचा आकार ८.२७ बाय ११.६९ इंच असेल तर तो ए-फोर, ८.५ बाय ११ असेल तर कुणीतरी अमेरिकी ‘लेटर’ आकार तसाच ठेवला आहे.

थेट काढलेली पीडीएफ मिळाली की तिचे एक भरगच्च पान छापून पट्टीने मोजणे हा सर्वात सोपा मार्ग. छापताना `Actual size` निवडावे. `Fit` निवडले तर यंत्र पान थोडे आक्रसते आणि दीड इंचाचा समास पट्टीवर वेगळाच येतो. डावा समास ओळीच्या सुरुवातीपासून, उजवा समास दोन्ही कडा जुळवलेल्या ओळीवरून मोजावा.

ओळींतील अंतरासाठी पट्टीही लागत नाही. ओळी मोजल्या की झाले. टाइम्स न्यू रोमन हा टंक १२ अंशांत, ए-फोर कागदावर, वर-खाली एक-एक इंच समास असताना वर्डमध्ये दीडपट अंतराने सुमारे ३३ ओळी बसतात. दुप्पट अंतराने सुमारे २५. मथळा, तळटीप किंवा तक्ता नसलेले पान घेतले, तर दोन्हींत गल्लत होण्याचे कारण नाही.

इंग्रजीत, विशेषतः विज्ञानात, प्रबंध लेटेक्समध्ये करणाऱ्यांना इथे एक चकवा बसतो. लेटेक्सचे `\onehalfspacing` बारा अंशांच्या अक्षरांना १८ अंशांचे अंतर देते. वर्डचे ‘दीडपट’ टाइम्स न्यू रोमनच्या मूळ उंचीच्या, म्हणजे १३.८ अंशांच्या दीडपट असते. ते २०.७ होते. नाव एकच, पण लेटेक्सच्या पानावर सुमारे ३९ ओळी बसतात. वर्डमधली पाने वर्षानुवर्षे पाहिलेल्या लिपिकाला ते ‘दीडपट नाही’ असेच वाटते. दोघेही आपल्या जागी बरोबर असतात.

मराठी प्रबंधाचे वेगळे काय?

बरेच. इंग्रजीसाठीचे अंतर आणि आकार देवनागरीला तसेच लावता येत नाहीत. मंगलसारख्या टंकाची मूळ उंचीच जास्त असल्याने त्यात दीडपट अंतर दिले की पान विरळ दिसते. मराठी ओळीत मध्येच इंग्रजी नाव आले की ओळी एकमेकींपासून कमी-जास्त अंतरावर जातात. यावर उपाय वर्डमध्येच आहे : अंतर ‘दीडपट’ न ठेवता `Exactly` निवडून ठरावीक अंश द्यावेत. चौदा अंशांच्या अक्षरांना २२ ते २४ अंश हा चालण्याजोगा पल्ला. त्याहून कमी केले तर वरच्या मात्रा आणि खालचे उकार कापले जाऊ लागतात. ‘र्‍हा’, ‘ट्रे’, ‘कृ’, ‘द्धै’ अशी जोडाक्षरे असलेला परिच्छेद छापून पाहिला की ते लगेच दिसते.

अक्षराचा आकार बदलूनही मराठी मजकूर हलत नाही, ही तक्रार नेहमीची आहे. वर्डच्या टंकाच्या चौकटीत इंग्रजीसाठी एक खाना असतो आणि देवनागरीसाठी `Complex scripts` हा दुसरा. पहिल्यात १४ लिहिले तरी दुसऱ्यात ११ असेल तर मराठी ११ वरच राहते. शैली ठरवताना दोन्ही खाने भरावे लागतात.

जुन्या मराठी प्रबंधांची नक्कल टाळण्याचे मोठे कारण मात्र टंकाचे आहे. त्यातले अनेक युनिकोडपूर्व टंकांत झाले आहेत. पीडीएफमधली एक ओळ उचलून दुसरीकडे चिकटवली आणि मराठीऐवजी इंग्रजी अक्षरांचा गुंता उमटला, की समजावे. असा मजकूर शोधता येत नाही आणि साहित्यचौर्य तपासणाऱ्या सॉफ्टवेअरला तो मराठी म्हणून वाचता येत नाही. २०१८ च्या आयोगाच्या नियमांनुसार ही तपासणी झाल्याचे हमीपत्र प्रबंधासोबत लागते. त्यामुळे विद्यापीठाचा नियम मिळाला नाही, तरी युनिकोड टंक हाच निर्णय योग्य. आधीची प्रकरणे जुन्या टंकात असतील तर परिवर्तकाने बदलता येतात, पण त्यानंतर रफार, ‘ष’ आणि ‘श्र’ जागेवर आहेत की नाहीत, हे डोळ्यांनी पाहण्याला पर्याय नाही. २४० पानांना हे काम दोन दिवसांचे नसते.

तरीही जे कळत नाही, त्याचे काय?

इथे प्रश्न बदलतो : कोणती चूक नंतर स्वस्तात दुरुस्त होते आणि कोणती होत नाही? ओळींतील अंतर, अक्षराचा आकार, पृष्ठांकाची जागा या गोष्टी फाइलमध्ये काही मिनिटांत बदलतात. अट एवढीच की मथळे आणि परिच्छेद हाताने सजवलेले नसावेत, शैली लावलेल्या असाव्यात. अनुक्रमणिका हाताने टाइप केली असेल, तर अंतर बदलले की प्रत्येक पृष्ठांक खोटा ठरतो. सुरुवातीच्या पानांना रोमन आणि प्रकरणांना साधे आकडे देण्यासाठी मध्ये `Section Break` टाकावा, पुढच्या भागाचे `Link to Previous` बंद करावे आणि `Format Page Numbers` मध्ये `Start at` ला १ द्यावा. हे न केल्यानेच पहिले प्रकरण पान एकऐवजी चौदापासून सुरू होते.

छापल्यानंतर न सुधारणारी गोष्ट एकच, डावा समास. साध्या ८० जीएसएम कागदाची जाडी सुमारे एक दशांश मिलिमीटर असते. एका बाजूला छापलेली २४० पाने म्हणजे जवळपास २४ मिलिमीटरचा गठ्ठा. बाजूने शिवलेल्या बांधणीत एवढ्या जाडीचे पुस्तक पूर्ण उघडत नाही आणि शिवण समासाचा काही भाग खाते. एक इंच ठेवलेला समास मग अर्ध्यावर येतो आणि ओळीची पहिली अक्षरे घडीत जातात. म्हणून नियम ठाऊक नसताना डावीकडे दीड इंच, बाकी तिन्ही बाजूंना एक इंच ही सावध निवड आहे. समास जास्त सोडला म्हणून प्रबंध वाचता येत नाही, असे होत नाही. दोन्ही बाजूंना छपाई करायची असेल तर मात्र सम पानांवर शिवण उजवीकडे येते आणि वर्डमध्ये `Mirror margins` लावावे लागते. दोन्ही बाजूंची छपाई चालते की नाही, हे विचारल्याशिवाय करू नये.

कार्यालयाला विचारायचे कसे?

‘कृपया नियम कळवावेत’ या पत्राला उत्तर येत नाही, कारण उत्तर देणाऱ्याला आधी ते शोधावे लागतात. त्याऐवजी विद्यार्थिनीने एका पानाचे निवेदन द्यावे : कागद ए-फोर, समास इतका, टंक आणि आकार हा, अंतर इतके, छपाई एका बाजूने, प्रतींची संख्या इतकी, मुखपृष्ठाचा आणि प्रमाणपत्राचा सोबत जोडलेला नमुना असा; यानुसार प्रबंध अमुक तारखेला छपाईस देत असून यात बदल अपेक्षित असल्यास कळवावे. खाली मार्गदर्शकांची सही आणि केंद्रप्रमुखांमार्फत आवक क्रमांक. लिपिकाला पानावर एक-दोन जागी खूण करणे सोपे जाते. निवेदनात बांधणीच्या कापडाचा रंग आणि पाठीवर काय छापायचे, हे लिहायला विसरू नये. तपासणीत या फुटकळ वाटणाऱ्या गोष्टींवर बोट लवकर पडते, कारण त्या पाहण्यासाठी प्रबंध उघडावा लागत नाही.

उत्तर आलेच नाही, तर माहिती अधिकाराचा मार्ग आहे. २००५ च्या कायद्यातील कलम ४(१)(ख) नुसार सार्वजनिक प्राधिकरणाने आपल्या कामकाजासाठी वापरले जाणारे नियम, सूचना आणि नियमपुस्तिका स्वतःहून प्रसिद्ध करणे अपेक्षित आहे. अर्जात ‘प्रबंध स्वीकारताना कर्मचारी वापरतात ती तपासणी सूची व संबंधित परिपत्रकांच्या प्रती’ असे नेमके मागावे. ‘का’ आणि ‘कसे’ विचारणाऱ्या प्रश्नांना उत्तर नाकारता येते, प्रत मागितली तर सहजासहजी नाही. मात्र उत्तरासाठी ३० दिवसांची मुदत असते. सादरीकरणानंतर प्रबंध देण्याची मुदत धावत असते, म्हणून हा अर्ज शेवटचे प्रकरण लिहीत असतानाच केला तर उपयोगी.

प्रबंध परत येतो तो कशामुळे?

समास पाव इंच कमी आहे, म्हणून प्रबंध परत येण्याहून नावातला फरक अधिक घातक असतो. नोंदणीच्या पत्रात मंजूर झालेले शीर्षक, सारांशावरचे शीर्षक, मुखपृष्ठ, तिन्ही प्रमाणपत्रे आणि अर्ज या सर्व जागी ते अक्षरशः एकच असावे लागते, कारण पदवीच्या अधिसूचनेत तेच जाते. ‘१८१८ ते १९४७’ आणि ‘१८१८–१९४७’ हा लेखकाला फरक वाटत नाही, कार्यालयाला वाटतो. वाटेत शीर्षक बदलले असेल तर बदलाच्या मंजुरीचे पत्र हवेच. विद्यार्थिनीचे लग्नानंतरचे नाव आणि नोंदणीतले नाव वेगळे असेल, तर नोंदणीतले नाव छापावे किंवा बदलाची नोंद आधी करून घ्यावी. मुखपृष्ठावर एक आणि प्रतिज्ञापत्राखाली दुसरे, असे होऊ देऊ नये.

यासाठी छपाईपूर्वी एक साधी कृती पुरते. मंजुरीचे मूळ पत्र एका हातात, प्रबंधाची सुरुवातीची पाने दुसऱ्या हातात घेऊन दुसऱ्या माणसाने मोठ्याने वाचावे. मग एकच प्रत साध्या बांधणीत करून प्रबंध कक्षात दाखवावी आणि उरलेल्या प्रती त्यानंतर छापाव्यात. मौखिक परीक्षेनंतर परीक्षकांनी सुचवलेल्या दुरुस्त्या येतातच. त्यामुळे सोनेरी अक्षरांची पक्की बांधणी त्याआधी हवी की नंतर, हेही त्याच फेरीत विचारून घ्यावे. शोधगंगेवर जाणारी ई-प्रत या अंतिम, दुरुस्त फाइलवरूनच काढावी. उद्या कुणी दुसरा विद्यार्थी ‘मागच्यांचे बघून’ करायला बसेल, तेव्हा त्याच्या पट्टीखाली तेच पान असेल.